हू-विच लावून वाक्यं जोडताना आपलं मराठी कुठं आडवं येतं

प्रश्न: मॅडम, मी दहावीला आहे, मराठी मीडियम, खानापूर तालुका. सर म्हणतात तू इंग्रजी तोडून तोडून लिहितोस, हू-विच लावून वाक्यं जोड. सहलीचा पॅराग्राफ जोडून लिहिला तर होते ते मार्क पण गेले. हा बघा: "लास्ट मंथ वी वेंट टु गोकाक फॉल्स विच इट इज ऑन द घटप्रभा रिव्हर विच देअर इज अ‍ॅन ओल्ड हँगिंग ब्रिज. वी मेट अ‍ॅन ओल्ड मॅन हूम फादर हॅड वर्क्ड इन द मिल हू ही टोल्ड अस मेनी स्टोरीज. वी एट द फूड ऑन अ रॉक विच माय मदर हॅड कुक्ड इट. वन बॉय टु हूम वॉज अफ्रेड ऑफ हाइट ही डिड नॉट गो निअर द वॉटर." नेमकं काय चुकलं? तुटक लिहिलेलंच बरं होतं काय?

उत्तर:

शेवटचं आधी सांगते. होय, चुकीचं जोडण्यापेक्षा तुटक पण बरोबर लिहिलेलं बरं, त्यात असलेले मार्क जात नाहीत, फार तर वरचे दोन-चार मिळत नाहीत. पण म्हणून जोडायचं सोडू नको, कारण तुझ्या पॅराग्राफमध्ये लाल गोल आठ-दहा असले तरी चुका खरं तर चार-पाचच आहेत आणि त्यातल्या बहुतेक मराठीतून उचलून आणलेल्या आहेत. मी वीसेक वर्षं खानापूर आणि बेळगावच्या मराठी मीडियमच्या पोरांना इंग्रजी शिकवते, दरवर्षी ह्याच चुका येतात, पोरं बदलतात फक्त. (फोनवर मराठी कीबोर्डच आहे माझ्या, म्हणून इंग्रजी वाक्यं पण देवनागरीतच टाइप करते. तू वहीत एबीसीडीत उतरवून घे आणि वाचताना पेन हातात ठेव.)

आधी जोडायचं म्हणजे नेमकं काय करायचं ते बघ, कारण पहिली चूक तिथंच आहे. तुझी मूळची वाक्यं अशी असणार: "वी वेंट टु गोकाक फॉल्स." आणि "इट इज ऑन द घटप्रभा रिव्हर." दोन्ही वाक्यांत एक गोष्ट सारखी आहे, धबधबा. पहिल्यात त्याचं नाव आहे, दुसऱ्यात त्याच्या जागी 'इट' आहे. आता 'विच' कुठं बसवायचं? तू काय केलंस, दुसरं वाक्य जसंच्या तसं ठेवलंस आणि त्याच्या पुढं 'विच' चिकटवलंस, म्हणजे 'अँड' लावतो तसं. 'अँड' हा नुसता डिंक आहे, तो दोन वाक्यांच्या मध्ये बसतो आणि कुणाची जागा घेत नाही. 'विच' तसं नाही. 'विच' हा त्या 'इट'च्याच खुर्चीवर बसतो, आणि एका खुर्चीवर दोघं बसत नाहीत. 'इट' उठला पाहिजे. म्हणून "गोकाक फॉल्स, विच इज ऑन द घटप्रभा रिव्हर". तिथं 'इट' नाही.

हेच "हू ही टोल्ड अस" ला लागू, 'ही' उठला पाहिजे. आणि हेच "विच माय मदर हॅड कुक्ड इट" ला लागू, पण हा तिसरा नमुना जास्त फसवा आहे, कारण इथं 'इट' वाक्याच्या शेवटी बसलाय आणि 'विच' पुढं निघून गेलाय, दोघं एकमेकांना दिसत नाहीत. "विच इट" असं शेजारी शेजारी आलं की हुशार पोरांच्या कानाला खटकतं आणि ती स्वतःच खोडतात, पण "द मोबाईल विच माय फादर बॉट इट" हे पहिल्या नंबरची पोरगी पण लिहून जाते. मूळ वाक्य बघ: "माय मदर हॅड कुक्ड इट." 'इट'ला उचलून पुढं आणलं, 'विच' केलं, आता मागं त्याची जागा रिकामीच राहायला पाहिजे: "विच माय मदर हॅड कुक्ड". लिहिताना हे अर्धवट वाटतं, 'काय शिजवलं?' असा प्रश्न मनात येतो, आणि पोरं तो खड्डा 'इट' टाकून बुजवतात. बुजवायचा नाही. तो खड्डा रिकामा दिसला म्हणजे वाक्य बरोबर जमलं असं समज.

आता "वन बॉय टु हूम वॉज अफ्रेड ऑफ हाइट ही डिड नॉट गो" इथला 'ही' घे. वरवर बघितलं तर ही तीच चूक वाटते, बरेच सर पण दोन्हीला एकच गोल मारून सोडतात, पण हिचं कारण वेगळं आहे. इथला 'ही' हा आपला 'तो' आहे. मराठीत आपण काय म्हणतो, "ज्या मुलाला भीती वाटत होती तो पाण्याजवळ गेला नाही." जो आला की तो येणारच, जी आली की ती, जिथं आलं की तिथं. ही जोडी लहानपणापासून कानात बसलीय, 'तो' नाही आला तर वाक्य लंगडतं. मग इंग्रजीत 'हू' लिहिलं की हात आपोआप 'ही' लिहितो, उसना घेतलेला परत केल्यासारखा. इंग्रजीत तो 'तो' लागत नाही, कारण त्याचं काम 'वन बॉय' ह्या शब्दांनी आधीच केलंय, तोच पुढच्या 'डिड नॉट गो'चा कर्ता आहे. जिथं-तिथंचं पण तसंच, "द व्हिलेज व्हेअर आय लिव्ह देअर" हे पोरं लिहितात, त्यातला 'देअर' म्हणजे आपलं 'तिथं'.

ही चूक धरायला एक सोपी पद्धत आहे, मी वर्गात बोट ठेवायला लावते. 'हू' किंवा 'विच' पासून, त्याला चिकटलेला 'टु' असेल तर त्याच्यासकट, त्या तुकड्याच्या शेवटापर्यंत बोट ठेवून झाकायचं आणि उरलेलं वाचायचं. तुझ्या वाक्यात काय उरतं? "वन बॉय ही डिड नॉट गो निअर द वॉटर." हे ऐकल्यावर तुला पण कळेल की एक जण जास्त आहे. 'ही' खोड, "वन बॉय डिड नॉट गो निअर द वॉटर", झालं. ह्याच बोटानं आणखी एक चूक सापडते जी तुझ्या पॅराग्राफमध्ये नाही पण जोडायला नव्यानं शिकलेली पोरं हमखास करतात. ती लिहितात "द ओल्ड मॅन हू टोल्ड अस मेनी स्टोरीज." आणि फुलस्टॉप. झाक बघू. उरलं "द ओल्ड मॅन." काय झालं त्या म्हाताऱ्याचं? काहीच नाही, म्हणजे ते वाक्यच नाही, नुसतं लांबलचक नाव आहे. झाकल्यावर उरलेल्या भागाला स्वतःचं क्रियापद असलंच पाहिजे.

पुढची चूक माझी आवडती आहे, वाईट वाटून घेऊ नको, पण वाचून हसलेच. "वी एट द फूड ऑन अ रॉक विच माय मदर हॅड कुक्ड." तू लिहिलंस त्याचा अर्थ, आईनं खडक शिजवला होता. तुला म्हणायचं होतं जेवण. आता हे का होतं बघ, कारण ह्याचं उत्तर 'विच नेहमी नावाजवळ लिहा' एवढंच सांगून पोरांच्या डोक्यात राहत नाही.

मराठीत तू म्हणू शकतोस, "ती वही टेबलावर आहे, जी मी काल आणली." 'जी' वहीपासून लांब आहे, मध्ये टेबल आलंय, तरी कुणाचा गोंधळ होत नाही, कारण 'जी' म्हटल्यावर ती वहीच, टेबल असतं तर 'जे' म्हटलं असतं. म्हणजे मराठीत जो-जी-जे हे लिंगावरून आपला माणूस शोधून काढतात, थोडं लांब उभं राहिलं तरी चालतं. इंग्रजीतल्या 'विच'ला लिंग नाही, वचन पण नाही, वही असो टेबल असो खडक असो, सगळ्यांना तेच. मग त्याला आपला माणूस कसा ओळखायचा? शेजारी कोण बसलंय त्यावरून, म्हणून वाचणारा सगळ्यात जवळचं नाव धरतो. तू 'विच' 'रॉक'च्या शेजारी बसवलंस म्हणून खडक शिजला. "वी सॅट ऑन अ रॉक अँड एट द फूड विच माय मदर हॅड कुक्ड" असं केलंस की 'फूड' आणि 'विच' शेजारी आले. बघ, इथं मी नुसतं 'विच' सरकवलं नाही, 'रॉक'ला उचलून आधी टाकलं. बऱ्याचदा उपाय तोच असतो: मध्ये कडमडणारा शब्द दुसरीकडं हलवायचा.

तुझ्या पहिल्या वाक्यात पण हीच भानगड आहे. "ऑन द घटप्रभा रिव्हर विच देअर इज अ‍ॅन ओल्ड हँगिंग ब्रिज", इथं दुसरा 'विच' नदीला चिकटला. आणि नुसता चिकटला नाही, त्याला बसायला खुर्चीच नाही. मूळ वाक्य होतं "देअर इज अ‍ॅन ओल्ड हँगिंग ब्रिज निअर द फॉल्स." ह्यात 'विच' कुणाच्या जागी आला? 'द फॉल्स'च्या. मग 'निअर'चं काय झालं? ते हरवलं. बरोबर करायचं तर "निअर विच देअर इज अ‍ॅन ओल्ड हँगिंग ब्रिज" असं होईल, व्याकरणानं शुद्ध आहे, पण दहावीच्या पेपरात मी हे कुणाला लिहायला सांगत नाही. एका नावाला दोन शेपट्या लावण्यापेक्षा पुलाचं वाक्य सुटंच ठेव.

आता मुख्य दुखणं, हू, हूम आणि हूज. इथं जरा सावकाश वाच.

तुम्हाला वर्गात बहुतेक असं शिकवलेलं असतं की 'जो' म्हणजे हू, 'ज्याला' म्हणजे हूम, 'ज्याचा' म्हणजे हूज. आमच्या वेळी पण हेच फळ्यावर लिहायचे आणि मी पण पहिली काही वर्षं हेच शिकवलं, मग पोरांच्या वह्या तपासताना लक्षात आलं की पोरं नियम पाळूनच चुकायलेत. ह्यातलं 'ज्याचा' म्हणजे 'हूज' तेवढं बहुतेक वेळा पक्कं आहे. तुझ्या म्हाताऱ्याचं वाक्य बघ: "हिज फादर हॅड वर्क्ड इन द मिल." त्याचे वडील, म्हणजे 'ज्याचे वडील', म्हणजे 'हूज फादर'. तू 'हूम फादर' लिहिलंस. 'हूज'च्या पुढं लगेच नाव येतं, 'हूज फादर', 'हूज हाउस', 'हूज नेम', मध्ये काही नाही, 'हूज द फादर' नाही आणि 'हूज हिज फादर' तर अजिबातच नाही, कारण 'हिज'च्याच खुर्चीवर 'हूज' बसलाय. स्पेलिंग डब्ल्यू एच ओ एस ई. वर टिंब देऊन जे लिहितात ते 'हू इज'चं छोटं रूप आहे, ते इथं चालत नाही.

'ज्याला' म्हणजे 'हूम' हे मात्र अर्धंच खरं आहे. "ज्याला मी भेटलो" तिथं 'हूम आय मेट' बरोबर. पण मराठीत 'ला' आणखी भलत्याच ठिकाणी लागतो. त्याला भीती वाटते, त्याला ताप आलाय, त्याला क्रिकेट आवडतं, त्याला कन्नड येतं. इथं सगळीकडं 'त्याला' आहे, पण इंग्रजीत जाताना तो 'ही' होतो: ही वॉज अफ्रेड, ही हॅज फीवर, ही लाइक्स क्रिकेट, ही नोज कन्नड. तू मनात म्हणालास "ज्याला उंचीची भीती वाटत होती", 'ज्याला' ऐकलंस आणि 'टु हूम' लिहून टाकलंस. नियमाप्रमाणं केलंस आणि फसलास.

'ज्याने' पण असाच. "ज्याने गोष्टी सांगितल्या", "ज्याने बक्षीस मिळवलं". 'ने' म्हणजे 'बाय' असं डोक्यात असतं म्हणून पोरं "द बॉय बाय हूम वन द प्राइझ" लिहितात. पण "त्याने बक्षीस मिळवलं" म्हणजे 'ही वन द प्राइझ', म्हणून "द बॉय हू वन द प्राइझ". मराठीत झालेल्या कामाच्या कर्त्याला बऱ्याचदा 'ने' लागतो, ती आपली सवय आहे, इंग्रजीचा तिच्याशी काही संबंध नाही.

मग करायचं काय? मराठी शेपूट बघायचंच नाही. तुझं सुटं इंग्रजी वाक्य बघायचं, जे जोडायच्या आधी तू बरोबर लिहू शकतोस. त्यात तो माणूस 'ही' किंवा 'शी' म्हणून आलाय काय, मग हू. 'हिम' किंवा 'हर' म्हणून शेवटी आलाय काय, मग हूम. 'हिज' म्हणून आलाय, मग हूज. ("हर बॅग" मधला 'हर' असेल तर तो पण हूज, तेवढं बघून घे.) "ही वॉज अफ्रेड ऑफ हाइट्स", 'ही' आहे, 'हू'. "आय मेट हिम", 'हिम' आहे, 'हूम आय मेट'. एवढंच. लिहून झाल्यावर तपासायचं असेल तर पुढचा शब्द बघ: 'हू'च्या पुढं लगेच क्रियापद येतं, 'हू टोल्ड', 'हू वॉज', 'हू लिव्हज'. 'हूम'च्या पुढं दुसरा कुणीतरी माणूस येतो, 'हूम आय', 'हूम वी', 'हूम माय फादर'. तुझ्या "टु हूम वॉज" मध्ये 'हूम'च्या पुढं थेट 'वॉज' आहे, एवढ्यावरूनच कळतं की गडबड आहे.

क्रियापद एकवचनी की अनेकवचनी हे 'हू' बघून ठरत नाही, 'हू'च्या आधीच्या नावावरून ठरतं. "द मॅन हू सेल्स", "द मेन हू सेल". हे बऱ्याच जणांना माहीत असतं, घाईत विसरतात. आणि माणसाला 'विच' लावायचं नाही, 'माय अंकल विच' असलं काही नको. आपला 'जो' माणसाला पण चालतो आणि डोंगराला पण, म्हणून ही चूक होते.

एक गंमत सांगते. आमच्याकडं कन्नड मीडियमची पण चार-पाच पोरं ट्यूशनला येतात. ती हा 'तो'वाला जास्तीचा 'ही' कमी लिहितात. कारण रोजच्या कन्नडात जो-तो असं फारसं बोलत नाहीत, "निन्ने बंद हुडुग" म्हणतात, म्हणजे "काल आलेला मुलगा", सगळं वर्णन नावाच्या आधी आणि जोडायला वेगळा शब्दच नाही. पण ती पोरं दुसरीकडं अडकतात. "नानु इरुव मने", मी राहतो ते घर, ह्याचं ती "द हाउस विच आय लिव्ह" करतात आणि 'इन' विसरतात, कारण कन्नडात 'घरात'मधला 'त' तिथं दिसतच नाही. आपली पोरं पण ही चूक करतात, कारण आपण पण "मी राहतो ते घर" असं म्हणतो आणि 'त' गिळतो. पण आपल्याकडं दुसरा रस्ता आहे. तेच वाक्य 'ज्या' लावून पूर्ण बोलून बघायचं: "ज्या घरात मी राहतो". 'त' बाहेर आला! म्हणजे इंग्रजीत 'इन' पाहिजे: "द हाउस विच आय लिव्ह इन", नाहीतर "इन विच आय लिव्ह", नाहीतर सरळ "व्हेअर आय लिव्ह". तसंच "ज्या मित्राबरोबर मी शाळेला जातो", 'बरोबर' आहे म्हणजे 'विथ' पाहिजे: "द फ्रेंड हूम आय गो टु स्कूल विथ", किंवा जरा भारदस्त, "विथ हूम आय गो टु स्कूल". म्हणजे 'ला' आणि 'ने' वर विश्वास ठेवायचा नाही, पण 'त', 'वर', 'बरोबर', 'साठी' हे बहुतेक वेळा खरं बोलतात.

बहुतेक वेळा म्हणतेय, नेहमी नाही. सहलीच्या निबंधात दरवर्षी येणारं एक वाक्य घे: "द प्लेस व्हेअर वी व्हिजिटेड". मराठीत "जिथं आम्ही भेट दिली" म्हणतो ना, म्हणून 'व्हेअर'. पण इंग्रजीत 'वी व्हिजिटेड द प्लेस' म्हणतात, मध्ये 'टु' नाही 'इन' नाही, म्हणजे ठिकाण सरळ 'इट'च्या जागी आहे, म्हणून "द प्लेस विच वी व्हिजिटेड". 'वेंट' असेल तर गोष्ट वेगळी, 'वी वेंट देअर' म्हणतात म्हणून "द प्लेस व्हेअर वी वेंट". इथं पण सुटं वाक्यच मदतीला येतं: त्यात 'देअर' बसतो तर व्हेअर, 'इट' बसतो तर विच.

आता स्वल्पविराम. मराठी लिहिताना आपण ते मनाला येईल तसे टाकतो आणि कुणी काही म्हणत नाही, म्हणून पोरं इंग्रजीत पण एकतर सगळीकडं टाकतात नाहीतर कुठंच नाही. विचारायचा प्रश्न एकच, तो तुकडा काढला तर कोण किंवा काय ते कळायचं थांबतं काय? "वी एट द फूड विच माय मदर हॅड कुक्ड", कुठलं जेवण ते त्या तुकड्यानंच सांगितलं, म्हणून कॉमा नाही. "गोकाक फॉल्स, विच इज ऑन द घटप्रभा रिव्हर", गोकाकचा धबधबा एकच आहे, घटप्रभेवर आहे हे सांगितलं नसतं तरी कुठला ते कळलं असतं, ही वरची जादा माहिती, म्हणून कॉमा. व्यक्तीचं किंवा गावाचं विशेषनाम असलं की जवळजवळ नेहमी कॉमा येतो, आणि तुकडा वाक्याच्या मध्ये असेल तर दोन्ही बाजूंनी येतो, एकच टाकून दुसरा विसरायचा नाही. त्या भित्र्या पोराचं नाव तू लिहिलं असतंस, समज सागर, तर "सागर, हू वॉज अफ्रेड ऑफ हाइट्स, डिड नॉट गो निअर द वॉटर" असं दोन कॉमांत आलं असतं. तू नुसतं 'वन बॉय' लिहिलंयस, तर कॉमाशिवाय लिही.

'दॅट' विचारशील म्हणून सांगते. कॉमा नसलेल्या ठिकाणी 'विच'च्या जागी 'दॅट' चालतं, "द फूड दॅट माय मदर हॅड कुक्ड". कॉमा असलेल्या ठिकाणी 'दॅट' लावू नको. 'इन दॅट आय लिव्ह' असं पण होत नाही, 'इन'च्या पाठोपाठ 'विच'च पाहिजे.

तर तुझा पॅराग्राफ मी असा करीन, एकेक वाक्य वर सांगितलेल्याशी ताडून बघ:

"लास्ट मंथ वी वेंट टु गोकाक फॉल्स, विच इज ऑन द घटप्रभा रिव्हर. देअर इज अ‍ॅन ओल्ड हँगिंग ब्रिज निअर द फॉल्स. वी मेट अ‍ॅन ओल्ड मॅन हूज फादर हॅड वर्क्ड इन द मिल, अँड ही टोल्ड अस मेनी स्टोरीज. वी सॅट ऑन अ रॉक अँड एट द फूड विच माय मदर हॅड कुक्ड. वन बॉय हू वॉज अफ्रेड ऑफ हाइट्स डिड नॉट गो निअर द वॉटर."

दोन ठिकाणी मी मुद्दाम जोडलं नाही. पुलाचं वाक्य सुटं ठेवलं, कारण वर सांगितलंच. आणि म्हाताऱ्याला एक 'हूज' लावल्यावर वर आणखी 'हू' लावला नाही, 'अँड ही' केलं. बघ, इथला 'ही' बरोबर आहे, कारण 'अँड' नुसता डिंक, त्यानं कुणाची खुर्ची घेतली नाही. एका नावाला एकच शेपूट, पाच-सहा ओळींच्या पॅराग्राफमध्ये तीन-चार जोड, त्यापेक्षा जास्त झालं की वाक्य कुठनं सुरू झालं ते लिहिणारा पण विसरतो आणि पेपर तपासणारा पण. शेवटी 'हाइट्स' केलंय ते बघितलंस ना, उंचीची भीती म्हणताना 'एस' लागतो, त्याचा 'हू'शी संबंध नाही.

पेपरात प्रोफाइल रायटिंग येतं, तक्त्यात माणसाची माहिती देतात आणि पॅराग्राफ करायला सांगतात, तिथं पण हेच. पोरं काय करतात, तक्त्यातली प्रत्येक ओळ 'ही इज', 'ही हॅज', 'हिज हॉबी इज' अशी उतरवतात. आधी कच्च्या जागेत तशीच उतरव, काही बिघडत नाही. मग त्यातल्या एकमेकांना लागून असलेल्या वाक्यांच्या दोनच जोड्या निवड आणि त्या जोड, बाकीची सुटी राहू देत. कच्च्यात सुटं वाक्य लिहिलेलं असलं की 'ही' होता, 'हिम' होता की 'हिज' ते डोळ्यांसमोर असतं, थेट जोडून लिहायला गेलास की परत मराठीत विचार करून 'टु हूम' लिहिशील.

आता हे तीन जोडून बघ आणि उद्या तुझ्या सरांना दाखव. "आय हॅव अ कझिन. हिज हाउस इज इन निप्पाणी." दुसरं, "द बस वॉज लेट. वी वेअर वेटिंग फॉर द बस." तिसरं, "द गर्ल इज माय क्लासमेट. शी लाइक्स कन्नड साँग्ज." दुसऱ्यात 'फॉर' कुठं जातो ते बघ, आणि तिसऱ्यात मनात 'जिला' आलं तरी हात आवर.